नळाचे पाणी आणि भिंतीचा रंग

कन्नड शहरातील एका कापड व्यापाऱ्याच्या घरी दोन वर्षांपूर्वी तळमजल्यावरचे स्नानगृह नव्याने बांधले गेले. घरात नुकतीच सून आली होती. तिचे माहेर पुण्याचे. रंगसंगती ठरवण्याचे काम सासऱ्यांनी मोठ्या कौतुकाने तिच्यावर सोपवले, आणि तिनेही माहेरच्या स्नानगृहासारखेच सारे निवडले: शॉवरच्या भिंतीला चकचकीत काळ्या टाइल्स, मॅट काळे नळ, टॉवेल अडकवण्याची सोनेरी कडी आणि आंघोळीची जागा वेगळी करणारी काचेची आडभिंत. पहिला महिना येणारा-जाणारा पाहुणा ते स्नानगृह मुद्दाम पाहून जात असे.

चौथ्या महिन्यात काळी भिंत राखाडी दिसू लागली. काचेवर थेंबांचे पांढरे ओघळ उमटले आणि ते पुसून जाईनात. नळांच्या मुळाशी खडूसारखा थर बसला. सफाईसाठी येणाऱ्या माणसाने बाजारातले अ‍ॅसिड ओतले. डाग गेले, पण त्या वाफेने आजेसासूबाईंना तासभर खोकला लागला, आणि पुढच्या दोन-तीन वेळांत नळांवरचा काळा लेपही जागोजाग उडाला. घरात कोणी मोठ्याने बोलले नाही. तरीही ‘हौसेने केलेली निवड’ हे शब्द सुनेच्या कानांवर वरचेवर येऊ लागले. वरच्या मजल्यावरील स्नानगृहाचे काम निघाले तेव्हा सासऱ्यांनी आधीच सांगून टाकले की या वेळी सगळे पांढरे घ्यायचे, विचारात वेळ घालवायचा नाही.

खरे पाहता सुनेची निवड चुकली नव्हती. ती निवड पुण्याच्या पाण्यासाठी योग्य होती. पुणे शहराला प्रामुख्याने खडकवासला प्रकल्पातील धरणांचे पाणी मिळते. डोंगरावरून थेट धरणात उतरलेले पावसाचे पाणी खडकात फारसे मुरलेले नसते, म्हणून ते मृदू असते आणि वाळल्यावर मागे थोडेच ठेवते. कन्नडच्या या घरात पिण्याचे पाणी नळाचे असले तरी आंघोळीचे पाणी अंगणातील कूपनलिकेचे आहे. अजिंठा-सातमाळा डोंगररांगेच्या या परिसरात जमिनीखाली बेसाल्टचा काळा पाषाण आहे आणि त्यावरील काळ्या मातीत चुनखडीचे खडे ठिकठिकाणी आढळतात. मुरणारे पाणी मातीतील कार्बन डायऑक्साइड घेऊन खाली जाते, किंचित आम्लधर्मी होते आणि वाटेतील कॅल्शियम व मॅग्नेशियम विरघळवून घेते. कूपनलिकेतून वर येणारे पाणी काचेसारखे स्वच्छ दिसते, परंतु ते तापले किंवा वाळले की वायू उडून जातो आणि विरघळलेला चुना घनरूपात मागे उरतो. गरम पाण्याच्या नळावर थर लवकर चढतो तो याच कारणाने.

सुनेने वरच्या मजल्याचे काम सुरू होण्याआधी एक गोष्ट केली. तिने पाण्याची बाटली भरून प्रयोगशाळेत तपासायला पाठवली. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळांत अशी तपासणी होते. अहवालात एकूण कठीणपणा दर लिटरला ५२० मिलिग्रॅम असा आला. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने २०० मिलिग्रॅम ही स्वीकारार्ह मर्यादा आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा ठरवली आहे. म्हणजे पाणी मानकाबाहेरचे नव्हते, पण स्नानगृहाच्या दृष्टीने जड होते.

हा आकडा भिंतीवर काय करतो याचा हिशेब सोपा आहे. एका आंघोळीनंतर भिंती, नळ आणि काच यांवर मिळून १०० मिलिलिटर पाणी थेंबांच्या रूपाने राहिले आणि तिथेच वाळले असे धरू. त्यातून सुमारे ५२ मिलिग्रॅम चुना मागे उरतो. घरात चौघे आंघोळ करणारे असतील तर दिवसाला सुमारे २०८ मिलिग्रॅम आणि वर्षाला सुमारे ७६ ग्रॅम. हे अंदाजे गणित आहे, पण मूठभर खडूची पूड वर्षभर भिंतीवर हळूहळू शिंपडली जात आहे असे चित्र त्यातून उभे राहते. या पुडीचा रंग पांढुरका राखाडी असतो. रंगसंगती ठरवताना विचारायचा पहिला प्रश्न त्यामुळे ‘कोणता रंग आवडतो’ हा राहत नाही. ही पूड कोणत्या रंगावर आणि कोणत्या पोतावर कमी दिसेल, हे आधी पाहावे लागते.

पांढऱ्या रंगाचा सासऱ्यांचा आग्रह याच ठिकाणी अर्धा बरोबर आणि अर्धा चुकीचा ठरतो. पांढऱ्यावर पांढरा चुना दिसत नाही हे खरे. पण चुना एकटा राहत नाही. कठीण पाण्यात साबणाचा फेस होण्याआधी साबण कॅल्शियमशी संयोग पावून एक चिकट, न विरघळणारा साका तयार होतो. साबण वनस्पती तेलाचा असला तरी हे टळत नाही. हा साका धूळ, तेल आणि लोखंडी नळीतला गंज धरून ठेवतो, आणि मग पांढऱ्या टाइलवर पिवळसर तपकिरी छटा येते, जी काळ्यावरच्या पांढऱ्या डागापेक्षा कमी अप्रिय नसते.

दुकानातल्या झगझगीत दिव्याखाली या गोष्टी कळत नाहीत. म्हणून सुनेने छत्रपती संभाजीनगरच्या दुकानातून चार टाइल्स नमुना म्हणून मागून आणल्या: चकचकीत पांढरी, चकचकीत काळी, खरखरीत मॅट गडद राखाडी आणि फिकट उबदार राखाडी. या शेवटच्या टाइलवर अस्पष्ट शिरा होत्या आणि तिची चमक साटिनसारखी अर्धवट होती. चारही टाइल्स जुन्या स्नानगृहात भिंतीला टेकवून ठेवल्या. सकाळ-संध्याकाळ त्यांवर कूपनलिकेचे पाणी शिंपडले. प्रत्येक टाइलचा डावा अर्धा भाग रोज पुसायचा आणि उजवा तसाच वाळू द्यायचा, असा नेम दहा दिवस चालला.

अकराव्या दिवशी सासरे, सासूबाई आणि मिस्त्री अशा तिघांना दारात उभे करून टाइल्स दाखवण्यात आल्या. काळ्या टाइलच्या न पुसलेल्या भागावर प्रत्येक थेंबाचे कडे वेगळे मोजता येत होते. पांढरी टाइल समोरून स्वच्छ दिसली, पण खिडकीच्या तिरप्या उजेडात धरताच तिच्यावरही तीच कडी उमटली, कारण चकाकत्या पृष्ठभागावर डाग रंगाने नव्हे तर चमक हरवल्याने दिसतो. खरखरीत गडद टाइलवर सुरुवातीला काही दिसत नव्हते. मात्र पुसलेल्या भागातही चुना खळग्यांत बसून राहिला होता आणि फडके फिरवल्यावर तो निघत नव्हता. चौथ्या टाइलवर न पुसलेल्या भागातील डाग शिरांमध्ये मिसळून गेले होते आणि पुसलेला भाग नव्यासारखा होता.

मिस्त्री म्हणाला, “शेठजी, हे काम मी वीस वर्षं करतोय, पण टाइलला आधी आंघोळ घालून बघणारं घर पहिल्यांदाच बघितलं.” सासऱ्यांनी चौथी टाइल हातात घेतली, मागेपुढे फिरवली आणि पांढऱ्याचा विषय तिथेच संपवला.

भिंतीसाठी ती टाइल ठरली. स्नानगृह ८ फूट बाय ५ फूट, टाइल्स ७ फूट उंचीपर्यंत. भिंतींची एकूण लांबी २६ फूट, म्हणून क्षेत्र १८२ चौरस फूट. अडीच फुटी दाराचे साडेसतरा वजा केल्यावर साडेचौसष्ट अधिक शंभर, म्हणजे १६४.५ चौरस फूट उरतात. टाइल १ फूट बाय २ फूट, तेव्हा ८३ नग आणि तुटफूट व काटछाट यांसाठी दहा टक्के अधिक धरून ९१ नग. ते सगळे एकाच वेळी घेण्यात आले. खोक्यावर छापलेला शेड क्रमांक आणि बॅच क्रमांक सर्व खोक्यांवर सारखा आहे हे मिस्त्रीने दुकानातच पाहून घेतले, कारण एकाच नावाच्या टाइल्स दोन बॅचमध्ये किंचित वेगळ्या छटेच्या निघतात आणि तो फरक भिंतीवर लागल्यावरच डोळ्यांत खुपतो. उरलेल्या टाइल्स माळ्यावर ठेवल्या. पुढे एखादी फुटली तर तीच छटा बाजारात मिळेलच असे नाही.

जमिनीसाठी निकष वेगळा होता. आजेसासूबाईंचे वय लक्षात घेता तिथे अर्धवट चमकही नको, घसरण न होणारी मॅट टाइल हवी. पण मॅट म्हणजे खोल खरखर नव्हे, हे नमुन्याने शिकवले होते. म्हणून हाताला बारीक वाळूसारखी लागणारी, भिंतीपेक्षा एक छटा गडद अशी मातकट राखाडी टाइल घेतली. टाइलच्या निवडीइतकेच उताराकडेही लक्ष दिले. नहाणीकडे ८ फुटांत दीड इंच उतार ठेवला. पाणी साचले नाही तर वाळून चुना होण्यासाठी उरत नाही. ओल राहिली नाही तर पावसाळ्यात शेवाळ आणि बुरशीही धरत नाही. चातुर्मासात शेवाळ खरवडण्याची वेळच येऊ नये, हा आजेसासूबाईंचा जुना आग्रह होता. तो या वेळी मिस्त्रीच्या पातळीनळीने पाळला गेला.

रंगसंगती प्रत्यक्षात बिघडते ती बहुधा सांध्यांपाशी. टाइल फिकट आणि सांधा पांढऱ्या सिमेंटचा असला की तो वर्षभरात पिवळा पडतो, कारण सिमेंट पाणी शोषून घेते. सांधा काळा भरला तर त्यावर चुन्याची पांढरी रेघ उठते. या घरी सांधा २ मिलिमीटरचा ठेवून त्यात टाइलच्या शिरेशी जुळणाऱ्या मध्यम राखाडी रंगाचा इपॉक्सी ग्राऊट भरला. तो साध्या ग्राऊटपेक्षा बराच महाग असतो आणि भरताना कारागिराला घाईने पुसून घ्यावा लागतो, नाहीतर त्याचाच डाग टाइलवर कायमचा बसतो. पण तो पाणी शोषत नाही. खर्च आवरायचा असेल तर फक्त शॉवरच्या भिंतीला आणि जमिनीला इपॉक्सी आणि बाकी ठिकाणी साधा राखाडी ग्राऊट, एवढेही पुरेसे होते.

नळांच्या बाबतीत सुनेने मॅट काळा स्वतःहून सोडला. ब्रश केलेल्या स्टीलसारखी, बारीक रेषांची धुरकट चमक डाग सर्वांत चांगली लपवते. पण तशा पूर्ण संचाची किंमत पाहून घराने साधे क्रोम घेतले. क्रोमवर थेंब दिसतात, मात्र कोरड्या फडक्याने ते एका हातात जातात, आणि सौम्य आम्लाने पुसल्यास क्रोम सहसा बिघडत नाही. रंगीत लेपाला तेवढी सवलत नसते. रंगापेक्षाही आकाराचा प्रश्न मोठा होता. सध्या चौकोनी, वर सपाट पृष्ठभाग असलेल्या नळांची चाल आहे. त्या सपाटीवर पाणी उभे राहते आणि तिथेच वाळते. गोल, उतरत्या खांद्याच्या नळावरून ते ओघळून जाते. शॉवर घेतानाही छिद्रांना मऊ रबरी टोके असलेला निवडला. रबरात अडकलेला चुना अंगठ्याने चोळला की सुटतो. धातूच्या छिद्रांना सुई घेऊन बसावे लागते.

काचेची आडभिंत वरच्या मजल्यावर केलीच नाही. कठीण पाण्याच्या घरात काच ही रोज पुसायची वस्तू आहे. ज्या घरात रोज पुसणारे हात नक्की आहेत, तिथेच ती घ्यावी. त्याऐवजी साडेतीन फूट उंचीची टाइलची छोटी भिंत उभारली.

बादली, मग, पाट आणि साबणदाणी या किरकोळ वस्तू लोक शेवटी विकत घेतात आणि नेमक्या त्याच डोळ्यांत भरतात. गडद निळी किंवा लाल बादली दोन महिन्यांत पांढऱ्या पट्ट्यांची होते. पारदर्शक मग धुरकट होतो आणि पुन्हा पारदर्शक होत नाही. फिकट राखाडी बादली, त्याच रंगाचा मग आणि खाली जाळी असलेली स्टीलची साबणदाणी घेतली. रंगाची हौस मात्र राखली गेली. स्नानगृहात सुनेला हवा असलेला गडद हिरवा रंग टॉवेलला, पडद्याला आणि दाराच्या आतल्या बाजूला मिळाला. तिथे पाणी उडत नाही, किंवा उडाले तर कापडात शिरते आणि धुण्यात निघून जाते. आवडता गडद रंग कोरड्या भागात आणि मधला रंग ओल्या भागात, अशी ती वाटणी होती.

राहिला प्रश्न खालच्या काळ्या स्नानगृहाचा. सासरे ते सगळे फोडायला निघाले होते. त्याआधी एकदा सफाई करून पाहू, असे सासूबाईंनी सुचवले. सायट्रिक आम्ल, म्हणजे किराणा दुकानात मिळणारे लिंबूफूल, ३० ग्रॅम घेऊन एक लिटर कोमट पाण्यात विरघळवले. फडकी त्यात भिजवून भिंतीला चिकटवली, वीस मिनिटे ठेवली, मग मऊ ब्रशने घासून स्वच्छ पाण्याने धुतली आणि लगेच कोरडी केली. शेवटची पायरी टाळली तर धुण्याच्या पाण्याचा चुना पुन्हा बसतो. चिकटवलेल्या फडक्याखाली बारीक बुडबुडे आले की समजावे, चुना सुटतो आहे. बुडबुडे आले नाहीत आणि डाग तसाच राहिला तर तो चुना नाही. साबणाचा साका असेल तर आधी भांडी घासण्याच्या द्रवाने तो काढावा लागतो. काळी भिंत दोन दिवसांत पुन्हा काळी झाली. काचेवरचे जुने ओघळ मात्र पूर्ण गेले नाहीत. चुना फार काळ राहिला की काचेच्या पृष्ठभागावर कायमचा ठसा पडतो आणि तो कोणत्याही आम्लाने निघत नाही.

याच उत्साहात सासऱ्यांनी लिंबूफुलाचे पाणी मागच्या मोरीतही न्यायला सांगितले होते. मिस्त्रीने वेळीच हात धरला. त्या मोरीत शहाबादी फरशी आहे. शहाबादी, कोटा आणि संगमरवर हे दगड मुळात चुन्याचेच असतात. जे आम्ल डागातला चुना विरघळवते ते दगडालाही विरघळवते, आणि डाग जाण्याबरोबर फरशीची गुळगुळीत पाठही जाते. अशा फरशीवर साबणाचे पाणी, ब्रश आणि कोरडे फडके एवढेच चालते. बाजारातील तीव्र अ‍ॅसिड तर सिमेंटचे सांधेही खाते, आणि ते ब्लीचिंग पावडरीशी मिसळले की विषारी क्लोरिन वायू सुटतो. ही दोन्ही एकाच दिवशी एकाच स्नानगृहात वापरू नयेत.

शेवटी खालच्या स्नानगृहात काच काढली, लेप उडालेले दोन नळ बदलून क्रोमचे बसवले आणि फक्त शॉवरच्या तोंडासमोरील सुमारे ३० चौरस फूट भाग फोडून तिथे वरच्या मजल्यासारख्याच राखाडी टाइल्स लावल्या. बाजूच्या दोन कोरड्या भिंतींचा काळा रंग तसाच राहिला. आता ते मुद्दाम तसे केल्यासारखे दिसते. दाराच्या मागे खुंटीला एक रबरी वायपर अडकवला. आंघोळ झाल्यावर ज्याने त्याने भिंतीवरून तो चार-पाच वेळा फिरवायचा, असे ठरले. तीस सेकंदांचे हे काम मूठभर खडूपैकी बराचसा नहाणीत पाठवते.

दोन महिन्यांनी वरच्या स्नानगृहाच्या जमिनीवर अचानक पांढरट पापुद्रा दिसू लागला. पुन्हा टाइल बदलायची पाळी येते की काय, अशी काळजी सुरू झाली. वायपर रोज फिरत होता, उतार ठीक होता. कारण स्वयंपाकघरात सापडले. पाणी वाया जाऊ नये म्हणून आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी सासूबाई एका डब्यात जमा करत आणि तेच स्नानगृहाची फरशी पुसायला देत. यंत्र शुद्ध पाणी एका बाजूला काढते तेव्हा सगळा चुना उरलेल्या पाण्यात गोळा होतो, त्यामुळे ते यंत्रात गेलेल्या मूळ पाण्यापेक्षा कठीण असते. डबा बंद झाला नाही. आता ते पाणी सकाळी संडासात ओतण्यासाठी आणि मागच्या अंगणातील सिमेंटचा रस्ता धुण्यासाठी वापरले जाते, आणि वरची फरशी लिंबूफुलाच्या एका हातात पूर्ववत झाली.